पावसाच्या पाण्याला सांडपाण्याची वाट नको

जूनमधला पहिला जोराचा पाऊस झाला की शहरातल्या बहुतेक सोसायट्यांच्या सचिवांना तळमजल्यावरून फोन जातो. संडासाच्या भांड्यातून गुडगुड आवाज येतो, न्हाणीघरातल्या जाळीतून काळे पाणी वर येते, घरभर दुर्गंधी पसरते. दुसऱ्या दिवशी प्लंबर येतो, बांबूच्या कामट्या घालून चेंबर मोकळे करतो, चिंध्या आणि गाळ काढून दाखवतो. सोसायटीच्या वहीत ‘ड्रेनेज चोक’ अशी नोंद होते आणि विषय संपतो. पुढच्या मोठ्या सरीला पुन्हा तेच घडते.

पावसातच तुंबणारी ही वाहिनी उरलेले आठ महिने बिनबोभाट वाहते, याचा विचार सहसा होत नाही. चिंध्या आणि गाळ हेच कारण असते तर ती मार्चमध्येही तुंबली असती. पावसातच तुंबते याचा साधा अर्थ असा, की जे पाणी त्या वाहिनीत यायला नको ते पावसात तिच्यात येते. इमारतीचे पावसाचे पाणी आणि सांडपाणी कुठेतरी एकत्र होते. हे ‘कुठेतरी’ शोधून काढणे हा खरा इलाज आहे आणि तोच सर्वांत जास्त टाळला जातो.

एका तासाचे गणित

इमारतीतून पाणी बाहेर नेणाऱ्या दोन व्यवस्था असतात. संडास, न्हाणीघर आणि स्वयंपाकघर यांचे पाणी उभ्या नळांतून खाली येते, चेंबरमालिकेतून वाहत जाते आणि रस्त्याखालच्या मलवाहिनीला मिळते. गच्ची, छज्जे आणि आवार यांवरचे पाणी रेनवॉटर पाइपमधून खाली येते आणि वेगळ्या गटारातून पर्जन्यजलवाहिनीत जाते. दोन्ही नळ भिंतीवर शेजारीशेजारी उतरतात, दोन्ही एकाच रंगाचे असतात, म्हणून ते सारखेच आहेत असे वाटते. प्रत्यक्षात त्यांच्या कामात किती फरक आहे, हे एका साध्या हिशेबातून कळते.

चाळीस सदनिकांची, सात-आठ मजल्यांची एक नेहमीची इमारत घेऊ. दर घरी चार माणसे धरली तर रहिवासी 160. शहरी पाणीपुरवठ्याच्या आराखड्यांत माणशी दररोज 135 लिटर पाणी धरतात आणि त्यातले सुमारे ऐंशी टक्के, म्हणजे 108 लिटर, सांडपाणी होऊन बाहेर पडते असे मानतात. या हिशेबाने इमारतीचे दिवसभराचे सांडपाणी साधारण 17,000 लिटर होते. सेकंदाला सरासरी 0.2 लिटर. सकाळी सगळ्यांची आंघोळ-धुणी एकदम असतात, म्हणून तिप्पट धरले तरी सेकंदाला 0.6 लिटर.

आता पाऊस. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी जमते. इमारतीची गच्ची 400 चौरस मीटरची असेल आणि तासाला 50 मिलिमीटर वेगाने पाऊस कोसळत असेल, तर एका तासात गच्चीवरून 20,000 लिटर पाणी उतरते. म्हणजे 160 माणसांच्या अख्ख्या दिवसाच्या सांडपाण्यापेक्षा जास्त पाणी एकटी गच्ची तासाभरात खाली पाठवते. भोवतालचे 600 चौरस मीटरचे फरशी घातलेले आवार धरले तर आकडा 50,000 लिटरवर जातो. सेकंदाला जवळपास 14 लिटर.

इमारतीबाहेर पडणारी मलवाहिनी बहुधा सहा इंची असते. शंभर फुटांना एक फूट उतार असेल, तर ती तुडुंब भरून वाहताना सेकंदाला साधारण 15 लिटर पाणी नेऊ शकते. सांडपाण्यासाठी ही जागा पुष्कळ आहे. वाहिनी बरीचशी रिकामीच राहते, आणि ती तशी राहावी हेच अपेक्षित असते. पण तिच्यात पावसाचे 14 लिटर शिरले की ती काठोकाठ भरते. तळाशी दोन इंच गाळ असेल तर तेवढेही मावत नाही. पावसाचा वेग तासाला 75 मिलिमीटर झाला, जो मुंबई-ठाण्यात दर पावसाळ्यात थोड्या वेळापुरता का होईना होतोच, की सेकंदाला 21 लिटर पाणी येते. आता प्रश्न सफाईचा उरत नाही. नवीकोरी, घासून पुसून ठेवलेली वाहिनीही हे पाणी नेऊ शकत नाही.

त्यावर एक भर असते. गल्लीतल्या दहा इमारतींपैकी सहांनी हेच केलेले असते, त्यामुळे रस्त्याखालची मलवाहिनीही भरलेली असते. मग इमारतीचे पाणी पुढे जायलाच जागा राहत नाही.

तळमजल्याचा संडास हीच पहिली खिडकी

पुढे वाट नसली की पाणी चेंबरमध्ये चढू लागते. चेंबरचे झाकण आवाराच्या पातळीला असते आणि तळमजल्याची जमीन त्याहून जेमतेम एक-दीड फूट उंच. जुन्या इमारतींत रस्ता दर वेळी डांबर चढून उंच होत गेला आहे, तिथे हा फरक शून्यावर आला आहे; काही ठिकाणी तळमजलाच खाली गेला आहे. पाणी चढताना नळातली हवा कोंडते. न्हाणी ट्रॅपमध्ये सुमारे दोन इंच पाणी कायम साठलेले असते. गटाराचा वायू आणि किडे घरात येऊ नयेत म्हणून ते असते. कोंडलेली हवा या पाण्यातून बुडबुडे काढत बाहेर पडते. संडासातली ती गुडगुड म्हणजे तुंबण्याची पहिली सूचना असते. त्यानंतर काही मिनिटांत पाणी येते.

या वेळी वरच्या मजल्यांवर काहीच जाणवत नाही. सहाव्या मजल्यावरचा फ्लश नेहमीसारखा चालतो आणि त्याचे पाणी, बाहेर जाता येत नाही म्हणून, तळमजल्याच्या भांड्यातून वर येते. इथे या प्रश्नाची सामाजिक बाजू दिसते. चुकीची जोडणी सगळ्यांच्या गच्चीची आणि आवाराची असते. भोग मात्र तळमजल्यावरच्या दोन-तीन घरांना भोगावे लागतात. सर्वसाधारण सभेत ते तिघे बोलतात, बाकी सदतीस ऐकून घेतात आणि ठराव पुढच्या वर्षावर जातो. वाहिन्या वेगळ्या करण्याचे काम वर्षानुवर्षे रखडते ते तंत्रज्ञान अवघड असते म्हणून नव्हे. ज्यांच्या हातात बहुमत असते त्यांच्या घरात पाणी येत नाही, म्हणून ते रखडते.

वर आलेले पाणी नुसते घाण असते असे नाही. त्यात अख्ख्या इमारतीची विष्ठा असते आणि तिच्याबरोबर कॉलरा, विषमज्वर, ‘अ’ आणि ‘ई’ प्रकारची कावीळ यांचे जंतू येऊ शकतात. ‘ई’ प्रकारची कावीळ गर्भवती स्त्रीला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, जिवावरची ठरू शकते. पाणी ओसरल्यावर फरशी पुसली म्हणून काम होत नाही. गाद्या, लाकडी कपाटांचे तळ, भिंतीचा खालचा फूटभर भाग हे सगळे भिजलेले असते.

याहून मोठा धोका आवारातच, जमिनीखाली असतो. बहुतेक सोसायट्यांची पिण्याच्या पाण्याची टाकी आवारात जमिनीखाली असते आणि जागेच्या टंचाईमुळे मलवाहिनीची चेंबरे तिच्यापासून काही फुटांवर येतात. चेंबर भरून वाहू लागले की ते पाणी टाकीच्या झाकणाच्या फटीतून, ओव्हरफ्लोच्या नळातून किंवा भिंतीच्या भेगेतून आत जाऊ शकते. महापालिकेने पाण्यात घातलेले क्लोरिन थोड्याशा दूषिताला पुरे पडते. मैलापाणी शिरले तर ते लगेच संपून जाते. मग तेच पाणी पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढते आणि तिथून सगळ्या मजल्यांवर जाते. तळमजल्याचा प्रश्न आपला नाही असे मानणाऱ्या सहाव्या मजल्यालाही त्याचा हिस्सा असा मिळतो.

उलटी चूक: पावसाच्या नळात धुण्याचे पाणी

पाणी मिसळण्याची दुसरी तऱ्हा याच्या उलट आहे आणि ती जास्त सहज घडते. घराचे नूतनीकरण करताना वॉशिंग मशीन बाल्कनीत जाते. तिथे सांडपाण्याचा नळ नसतो. बाल्कनीतले पावसाचे पाणी नेणारा नळ मात्र हाताशी असतो. कारागीर मशीनचा पाइप त्यात सोडून देतो. काही घरांत स्वयंपाकघरच पुढे सरकते आणि मोरी किंवा सिंकसुद्धा त्याच नळाला जोडले जाते. पाणी जाते, त्यामुळे काम झाले असे सगळे मानतात.

एका धुण्याला यंत्राच्या प्रकारानुसार साधारण 50 ते 150 लिटर पाणी लागते. चाळीसपैकी पंचवीस घरांनी असे केले तर दररोज दोन-अडीच हजार लिटर साबणाचे पाणी, आणि सिंक जोडले असेल तर तेलकट खरकटे, पर्जन्यजलवाहिनीत जाते. ही वाहिनी त्यासाठी नाही. मलवाहिनीचा उतार असा ठेवलेला असतो की रोजच्या वाहण्याने ती स्वतःला घासून काढते. त्यासाठी पाण्याला सेकंदाला साधारण दोन फूट वेग लागतो. पावसाची वाहिनी मोठी असते आणि मोठ्या लोंढ्यासाठी आखलेली असते. मोठ्या नळात थोडे पाणी सोडले की ते पातळ पसरून रेंगाळते. तेल आणि साबण तळाला थिजतात, त्यावर आवारातली माती आणि पाने चिकटतात. मे अखेर त्याचा कडक थर तयार होतो. मग पहिल्या पावसात आवारात पाणी साठते आणि महापालिकेच्या नालेसफाईच्या नावाने बोटे मोडली जातात. वाहिनी आवाराच्या भिंतीच्या आतच बंद झालेली असते.

या चुकीचे आरोग्यावरचे परिणाम हळू चालणारे आहेत, म्हणून ते लवकर लक्षात येत नाहीत. पावसाळ्याव्यतिरिक्त कोरड्या राहायला हव्यात अशा चेंबरमध्ये बारा महिने घाण पाणी साठून राहते. क्युलेक्स जातीच्या डासाला असेच पाणी लागते. हत्तीरोग पसरवणारा तो हाच. पर्जन्यजलवाहिनीच्या तोंडांना पाण्याचा अडसर असलेला ट्रॅप बहुधा नसतो, कारण तिच्यातून दुर्गंधी येणे अपेक्षितच नसते. तिच्यात सांडपाणी आले की खरकट्याच्या मागे उंदीर येतात. पावसात साठलेल्या पाण्यात त्यांचे मूत्र मिसळते आणि पायाला जखम असलेल्या माणसाला त्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो.

शिवाय हे पाणी पुढे कुठे जाते, हाही प्रश्न आहे. मलवाहिनीत गेलेले पाणी प्रक्रिया केंद्राकडे जाते. मुंबईत वरळी आणि वांद्रे इथून ते समुद्राखालच्या बोगद्याने किनाऱ्यापासून तीन किलोमीटरहून जास्त आत नेऊन सोडतात. पर्जन्यजलवाहिनीत गेलेले पाणी मात्र कोणत्याही प्रक्रियेविना नाल्यात आणि तिथून नदी, खाडी किंवा थेट चौपाटीवर जाते. कडक उन्हाळ्यात नाला काळा वाहत असेल तर त्यात पावसाचा थेंब नसतो. ते सगळे वाट चुकलेले सांडपाणी असते. झोपडवस्तीकडे बोट दाखवणे सोपे असते. त्या काळ्या पाण्यात बहुमजली इमारतींच्या बाल्कन्यांचाही वाटा असतो.

नाल्यातले असे पाणी काय करू शकते याचे देशातले मोठे उदाहरण दिल्लीचे आहे. 1955 च्या अखेरीस यमुनेच्या पुरानंतर नदीचे पात्र हलले आणि नजफगढ नाल्यातले सांडपाणी वझिराबादच्या जलशुद्धीकरण केंद्राच्या तोंडाशी आले. त्यानंतरच्या आठवड्यांत दिल्लीत काविळीची प्रचंड साथ पसरली. सुमारे 29,000 लोकांना उघड कावीळ झाली. ती ‘ई’ प्रकारची होती, हे पुष्कळ वर्षांनी कळले. आज हा नाला दिल्लीतला मोठा गटारनाला म्हणून ओळखला जातो. मुळात तो साहिबी नदीचे, म्हणजे पावसाच्या पाण्याचे पात्र आहे.

पावसाचे पाणी जमिनीत मुरवण्याच्या योजनेचीही याच चुकीमुळे उलटी गत होते. गच्चीचे पाणी बोअरवेलमध्ये सोडणाऱ्या सोसायट्या पुष्कळ आहेत. ज्या नळातून ते पाणी येते त्याच नळाला तिसऱ्या मजल्याचे वॉशिंग मशीन जोडलेले असेल, तर सोसायटी स्वतःच्या हाताने भूजलात सांडपाणी भरत असते, तेही मातीच्या गाळणीशिवाय थेट खोलवर.

चूक कुठे आहे, कसे ओळखावे

यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. योग्य दिवस निवडावा लागतो. पहिली तपासणी फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये करावी. त्या वेळी पावसाच्या वाहिनीचे प्रत्येक चेंबर उघडून पाहावे. ते कोरडे, फार तर धुळीने आणि पाल्याने भरलेले असायला हवे. तळाला ओल, साबणाचा फेस, शेवाळ किंवा काळा चिखल दिसला तर वर कुठेतरी सांडपाणी जोडलेले आहे. एसीच्या पाण्याची बारीक धार चालते. ते स्वच्छ असते.

दुसरी तपासणी जोराच्या पावसात, पहाटे तीन-चारच्या सुमारास करायची. त्या वेळी घराघरांतले नळ बंद असतात, त्यामुळे मलवाहिनीच्या शेवटच्या चेंबरमध्ये पाण्याची बारीक धारच असायला हवी. तिथे स्वच्छ पाण्याचा लोंढा दिसला तर तो पावसाचा. पाऊस सुरू झाल्यावर पाच-दहा मिनिटांत लोंढा आला तर गच्चीचा किंवा आवाराचा नळ थेट जोडलेला आहे. काही तासांनी हळूहळू पाणी वाढले आणि पाऊस थांबल्यावरही दिवसभर राहिले, तर ते जमिनीतून फुटक्या सांध्यांवाटे झिरपणारे पाणी आहे. दोन्हींचा इलाज वेगळा असल्यामुळे हा फरक नोंदवणे आवश्यक असते.

मग नेमकी जागा शोधायची. एकेका घरातल्या मशीनच्या आणि सिंकच्या पाण्यात खाण्याचा रंग घालून सोडायचा आणि खाली दोन माणसांनी दोन्ही चेंबरांवर लक्ष ठेवायचे. रंग चुकीच्या चेंबरमध्ये उतरला की ते घर सापडले. चाळीस घरांना दोन रविवार पुरतात. दुसरी पद्धत धुराची. मलवाहिनीच्या चेंबरमधून पंख्याने निरुपद्रवी धूर आत सोडतात. तो गच्चीवरच्या वायुनलिकेतून बाहेर यायला हवा. तो गच्चीच्या पावसाळी जाळीतून किंवा आवारातल्या गटारातून आला, तर तिथे जोड आहे.

मोठ्या संकुलात स्वतःचे सांडपाणी प्रक्रिया केंद्र असेल, तर पुरावा नोंदवहीतच असतो. मे आणि जुलैमध्ये रहिवासी तेवढेच असतात. तरीही जुलैत केंद्रात येणारे पाणी दीडपट-दुप्पट होत असेल तर वाढीव पाणी पावसाचे आहे. त्याचा फटका केंद्रालाही बसतो. मैला खाणारे जीवाणू त्या टाक्यांत जपून वाढवलेले असतात. पावसाचा लोंढा त्यांना धुऊन बाहेर नेतो आणि पाऊस थांबल्यावरही केंद्र सुधारायला बरेच दिवस जातात.

दुरुस्ती आणि तिच्या मर्यादा

सर्वांत आधी गच्चीचे नळ सोडवावेत, कारण थोड्या खोदकामात सर्वांत जास्त पाणी तिथेच कमी होते. हिशेबातल्या इमारतीत फक्त गच्चीचा नळ वेगळा केला तरी मलवाहिनीवरचा पावसाचा भार चाळीस टक्क्यांनी उतरतो. दुसरे पाऊल आवाराचे. मोरीचे पाणी जिथे जमिनीला मिळते त्या गली ट्रॅपचे काठ पुष्कळ ठिकाणी फरशीच्या पातळीत असतात. नवी फरशी टाकताना ते बुडतात आणि आवारातले सगळे पाणी त्यात जाते. हे काठ फरशीपेक्षा चार-सहा इंच उंच बांधणे एवढेच काम असते. फुटकी झाकणे बदलून घट्ट बसणारी घालावीत. तळघर किंवा पार्किंगच्या उतारावरचे पाणी उपसणारा पंप मलवाहिनीच्या चेंबरमध्ये सोडलेला असेल तर तो पावसाच्या गटारात न्यावा. शेवटी बाल्कनीतली मशीने. त्यांच्यासाठी सांडपाण्याचा एक नवा उभा नळ बाहेरून घेऊन, खाली ट्रॅप देऊन, मलवाहिनीला जोडावा लागतो. प्रत्येक मजल्याने स्वतंत्र शक्कल लढवण्यापेक्षा एकच नळ सगळ्यांसाठी घेणे स्वस्त आणि स्वच्छ असते.

दोन सोप्या वाटणाऱ्या उपायांबद्दल सावध राहायला हवे. एक, मोठा नळ घालणे. सहा इंचीऐवजी नऊ इंची वाहिनी घातली तर आवारातले पाणी रस्त्यापर्यंत जाते, पण पुढची वाहिनी भरलेलीच असल्यामुळे ते तिथून मागे येते. आणि कोरड्या दिवसांत एवढ्या मोठ्या नळात सांडपाणी रेंगाळून गाळ साचतो. दोन, परत येणारे पाणी अडवणारी एकतर्फी झडप. तळमजल्याला तातडीचा आधार म्हणून ती उपयोगी आहे. पण ती मिटलेली असताना इमारतीचे स्वतःचे पाणीही बाहेर जात नाही. मुख्य वाहिनीवर ती बसवली आणि वरच्या मजल्यांनी नळ चालू ठेवले, तर तळमजला वरच्यांच्या पाण्याने भरतो. शिवाय चिंधी अडकून ती अर्धवट उघडी राहते, म्हणून दर पावसाळ्याआधी उघडून साफ करावी लागते.

तिसरा उपाय तर उघड धोक्याचा आहे. आवारात पाणी साठले की रखवालदार मलवाहिनीच्या चेंबरचे झाकण काढून पाणी ‘सोडतो’. त्या क्षणी सगळ्या आवाराचे पाणी मलवाहिनीत जाते आणि तळमजल्यात मैला चढतो. शिवाय गढूळ पाण्याखाली उघडे तोंड कोणाला दिसत नाही. 29 ऑगस्ट 2017 च्या पावसात मुंबईतल्या एका ज्येष्ठ डॉक्टरांचा असाच उघड्या मॅनहोलमध्ये पडून मृत्यू झाला होता.

वाहिन्या वेगळ्या केल्या की सगळे प्रश्न सुटतात असे नाही. रस्त्यावर पर्जन्यजलवाहिनीच नसेल तर पाणी सोडायला जागा लागते. तिथे शोषखड्डा किंवा साठवण टाकी करून पाणी हळूहळू सोडावे लागते. मुंबईसारख्या शहरात मोठी भरती आणि मोठा पाऊस एकदम आले तर पावसाची वाहिनीही तुंबते. तरी त्या दिवशी आवारात साठेल ते बहुतांशी पावसाचे पाणी असेल, मैल्याचे नाही. घोट्याएवढे पावसाचे पाणी ही गैरसोय आहे. घोट्याएवढे मैलापाणी हा आजार आहे.

‘रस्त्यावर महापालिकाच दोन्ही मिसळते, मग आम्ही वेगळे करून काय उपयोग?’ हा आक्षेप सभांमध्ये हमखास येतो. काही भागांत तो खराही आहे. पण महापालिकेने पुढे वाहिन्या वेगळ्या केल्या तरी इमारतीतून मिसळून आलेले पाणी तिला वेगळे करता येत नाही. दुसरा आक्षेप असा, की लंडनसारख्या शहरात जुन्या भागांत एकच वाहिनी आहे. आहे, आणि म्हणूनच जोराच्या पावसात तिथे मैलापाणी थेम्स नदीत सोडावे लागत असे. ते अडवण्यासाठी त्या शहराने नदीखाली 25 किलोमीटरचा बोगदा नुकताच बांधला. लंडनचा वर्षभरातला पाऊस 600 मिलिमीटरच्या आसपास. मुंबईत 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पडला. जिथे वर्षाचा पाऊस चार महिन्यांत कोसळतो तिथे एका वाहिनीचा विचार परवडणारा नाही.

खर्च कोणाचा

खर्चाच्या वादाला एकच न्याय्य उत्तर आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत मलनिस्सारण वाहिन्यांची दुरुस्ती संस्थेच्या खर्चाच्या यादीत आहे. तळमजल्यात पाणी येते म्हणून तळमजल्याने खर्च करावा, हे म्हणणे टिकणारे नाही. गच्ची सगळ्यांची, आवार सगळ्यांचे, तर त्यांच्या पाण्याची वाटही सगळ्यांची. बाल्कनीतली चुकीची जोडणी मात्र ज्याची त्याने काढायची. नूतनीकरणाला परवानगी देतानाच ‘पावसाच्या नळाला काहीही जोडणार नाही’ ही अट लिहून घेतली आणि काम संपल्यावर रंग सोडून तपासले, तर ही वेळच येणार नाही.

महापालिकांचेही एक काम बाकी आहे. नव्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र देताना नकाशावर दोन वाहिन्या वेगळ्या रंगांत दाखवलेल्या असतात, तेवढ्यावर समाधान मानले जाते. नकाशावरची रेघ खोदकामात कुठे वळली हे धुराच्या एका चाचणीत कळते. ती सक्तीची करावी. जुन्या इमारतींच्या संरचनात्मक तपासणीत खांब-तुळयांबरोबर वाहिन्यांची ही तपासणीही जोडावी. त्यासाठी नवा विभाग लागत नाही; एक दिवस, एक पंखा आणि निकाल लिहून ठेवण्याची तयारी लागते.

या उन्हाळ्यात एखाद्या सोसायटीला एकच गोष्ट करायची असेल, तर तिने एखाद्या कोरड्या दुपारी पावसाच्या वाहिनीची सगळी झाकणे उघडून आत पाहावे. जिथे ओल दिसेल तिथून कामाला सुरुवात करावी, आणि ती पाऊस येण्याआधी करावी.